देवाचा उजवा हात कोणता?



देवाच्या उजव्या हाताला तुपाचा दिवा आणि डाव्या हाताला तेलाचा, हे आपल्यातल्या पुष्कळ मायमाउल्यांना लहानपणापासून पाठ आहे. आता मी तुम्हाला विचारतो, देवाचा उजवा हात म्हणजे कोणता हो? तुम्ही पाटावर बसलात, देव समोर. देव तुमच्याकडे बघतो, तुम्ही देवाकडे बघता. मग देवाचा जो उजवा, तो तुमचा डावा. म्हणजे तुपाचं निरांजन तुमच्या डाव्या हाताला आलं पाहिजे. बरोबर ना? आता घरी जाऊन बघा. दहापैकी किती घरांत ते उजवीकडे ठेवलेलं असतं ते मी सांगत नाही, तुम्हीच मोजा.

हे सांगायचं कारण असं. सप्ताहात आलेल्या काही तरुण पोरांनी एक चांगलं काम हातात घेतलं. नवी लग्नं होतात, पोरंपोरी जालन्यात, संभाजीनगरात, पुण्यात खोली घेऊन राहतात. देव्हारा तर घेतात, पण मांडायचा कसा हे सांगायला घरात म्हातारं माणूस नसतं. म्हणून या पोरांनी दोन मिनिटांचा व्हिडिओ केला. त्यात बडबड नाही. नुसते हात दिसतात, आणि चित्रावर चार-चार शब्दांच्या पाट्या येतात. पाट मांडा. दिवा लावा. फूल वाहा. छान कल्पना आहे. जिला ऐकू कमी येतं तिलाही समजावी आणि लेकरू झोपलंय म्हणून आवाज बंद केलेल्या आईलाही समजावी.

पण झालं काय, की तो व्हिडिओ बघून एक लेक रडत माझ्याकडे आली. म्हणाली, “महाराज, आमचा राजूरहून आणलेला गणपती उजव्या सोंडेचा निघाला हो. व्हिडिओत तसाच गणपती होता आणि खाली पाटी होती, डाव्या सोंडेचा घ्या. माझा त्याच्या बरोब्बर उलटा आहे. सासूबाई म्हणतात, उजव्या सोंडेचं सोवळं कडक असतं, आपल्याच्यानं होणार नाही, विसर्जन करून टाक.” मी म्हटलं, “बाई, मूर्ती आण आधी.” तिनं आणली, पदराआड झाकून. बघतो तर सरळसरळ डाव्या सोंडेचा गणपती! सोंडेचं टोक देवाच्या स्वतःच्या डाव्या हाताकडे वळलेलं, म्हणजे समोरून बघणाऱ्याला ते उजवीकडे दिसणार. मग व्हिडिओत उलटं का?

तर पोरानं व्हिडिओ मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यानं काढला होता. आपण स्वतःचा फोटो काढतो ना, त्या कॅमेऱ्यानं. तो कॅमेरा पडद्यावर आरशासारखं दाखवतो, कारण माणसाला स्वतःचं तोंड आरशातच बघायची सवय. काही मोबाईल तसंच्या तसं उलटं साठवूनही ठेवतात. आता आरशात काय होतं? डावं ते उजवं. सोंड फिरली. रुक्मिणीमाता विठोबाच्या उजवीकडे जाऊन उभी राहिली. निरांजन इकडचं तिकडे गेलं. आणि खाली पाटी मात्र सरळ, कारण ती नंतर चिकटवलेली. त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. बिचाऱ्या गणपतीचा काही दोष नसताना तो विसर्जनाला निघाला होता!

हे ओळखायची खूण सोपी आहे. व्हिडिओत मागे भिंतीवर कॅलेंडर असेल, अगरबत्तीचा पुडा असेल, त्यावरची अक्षरं बघा. अक्षरं उलटी दिसली तर सगळा व्हिडिओ उलटा. अक्षर कुठंच नसेल तर हात बघा. पूजा करणारा गंध डाव्या हातानं लावताना दिसला की समजा, आरसा आहे. आपल्याकडे देवाला डाव्या हातानं गंध लावत नाहीत.

मग आम्ही तो व्हिडिओ पुन्हा काढला. त्या लेकीच्याच घरी, जालन्यात, तिच्याच देव्हाऱ्यात. ते कसं केलं ते सांगतो, म्हणजे वाचणाऱ्यालाही आपलं देवघर तसं मांडून बघता येईल.

पहिली गोष्ट, मोबाईलचा मागचा कॅमेरा घेतला आणि तो पूजा करणाऱ्याच्या खांद्यावरून धरला. समोरून नाही, बाजूनं नाही. पाटावर बसणाऱ्याला जे दिसतं तेच बघणाऱ्याला दिसलं पाहिजे. दुसरी गोष्ट, पाटीवर नुसतं ‘उजवीकडे’ किंवा ‘डावीकडे’ लिहायचं नाही, असं मी पोरांना बजावलं. कुणाच्या उजवीकडे? म्हणून सगळीकडे लिहिलं, ‘आपल्या डाव्या हाताला’. शास्त्रात देवाची बाजू सांगितलेली असते, पाटीवर बसणाऱ्याची बाजू लिहायची. एवढं पथ्य पाळलं की निम्मे घोटाळे संपतात. आणि पाट्या खाली लिहिल्या होत्या त्या वर घेतल्या, कारण खालची पट्टी नेमकी देवाच्या पायांवर येत होती. विठ्ठलाचं दर्शन पायाचं, आणि पायावरच पाटी!

आता त्यांचा देव्हारा. दीड फूट रुंद, दोन पायऱ्यांचा, स्वयंपाकघरात पूर्वेच्या भिंतीला लावलेला. देवाचं तोंड पश्चिमेला, बसणाऱ्याचं पूर्वेला. हे चांगलंच आहे. आत काय होतं? पितळेचे विठ्ठल-रुक्मिणी, लग्नात माहेरून आलेली अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण, एक पिंड, आणि गणपती किती? तीन! चतुर्थीला राजूरला गेलं की एक छोटी मूर्ती घ्यायची, अशी सासऱ्यांची आवड. शिवाय अंबडच्या मत्स्योदरीची तसबीर, पंढरपूरची तसबीर, आणखी दोन. एवढी गर्दी की निरांजन ठेवायला जागा नाही. ते कडेला ठेवलं होतं, पडद्याच्या झालरीला लागून.

गर्दीला शास्त्रानंच लगाम घातलेला आहे. घरच्या पूजेत शिवलिंगं दोन नसावीत, शाळिग्राम दोन नसावेत, शंख दोन नसावेत, गणपती तीन नसावेत, देवी तीन नसाव्यात. आणि मूर्ती केवढी? अंगठ्याच्या पेरापासून एका वितीपर्यंत. त्याहून मोठी मूर्ती मंदिराची. सासरे म्हणाले, “महाराज, मग दोन गणपतींचं काय करू?” मी म्हटलं, “एक पूजेत ठेवा. बाकीचे काचेच्या कपाटात शोभेला ठेवा, नाही तर नवं घर मांडणाऱ्या पुतण्याला द्या. पूजेतच नसले तर ते मोजणीत येत नाहीत.” त्यांनी पुतण्याला दिला एक. तसबिरी देव्हाऱ्यातून काढून वर भिंतीवर लावल्या. पहिली पाटी झाली: ‘आधी गर्दी कमी करा’.

मग मांडणी. मागच्या, वरच्या पायरीवर मधोमध विठोबा. रुक्मिणीमाता त्याच्या डाव्या अंगाला, म्हणजे आपल्या उजव्या हाताला. राम असेल तर सीतामाईचंही तेच. रुक्मिणीच्या पलीकडे, आपल्या उजवीकडच्या मागच्या कोपऱ्यात अन्नपूर्णा. खालच्या पायरीवर आपल्या डाव्या हाताला गणपती, मध्ये बाळकृष्ण, उजव्या हाताला पिंड.

हे मी मनानं सांगितलं का? नाही. विष्णुपंचायतन म्हणून जे असतं त्यात मध्ये विष्णू, ईशान्येला शंकर, आग्नेयेला गणपती, नैऋत्येला सूर्य आणि वायव्येला देवी. आपला विठोबा विष्णुरूपच. आता दिशांचा घोळ होऊ नये म्हणून पूजेत एक संकेत आहे. देव आणि पूजा करणारा यांच्या मधली जी जागा, तिलाच पूर्व म्हणायचं. आकाशातली पूर्व कुठंही असू द्या. त्या हिशेबानं देवाच्या डाव्या हाताला उत्तर आली, उजव्या हाताला दक्षिण आली. मग आग्नेय म्हणजे पुढचा कोपरा, आपल्या डावीकडचा. तिथं गणपती. ईशान्य म्हणजे पुढचा कोपरा, आपल्या उजवीकडचा. तिथं पिंड. देवी मागे उजवीकडे. बसलं की नाही सगळं? सूर्याची मूर्ती घरात नव्हती, म्हणून मागचा डावा कोपरा मोकळा ठेवला. मध्ये शंकर असेल, गणपती असेल, तर कोपरे बदलतात. तुमच्या घरी जे पिढ्यान्‌पिढ्या मांडलेलं आहे ते माझं ऐकून हलवू नका. हे ज्यांच्याकडे काहीच मांडलेलं नाही त्यांच्यासाठी.

पिंडीचं तेवढं वेगळं. तिच्या शाळुंकेचं निमुळतं तोंड, जिथून पाणी वाहतं ते, उत्तरेकडे करतात, आणि ही उत्तर मात्र खरी उत्तर. त्यांच्या घरी पूर्वेला तोंड करून बसलं की उत्तर आपल्या डाव्या हाताला येते. म्हणून शाळुंकेचं तोंड डावीकडे वळवलं. तुमचं देवघर दुसऱ्या भिंतीला असेल तर तुम्हाला ते दुसरीकडे वळवावं लागेल. म्हणून या पाटीवर आम्ही हाताचं नाव लिहिलं नाही. ‘पिंडीचं तोंड उत्तरेला’ एवढंच लिहिलं.

तो मोकळा कोपरा राहिला ना, त्यावरून पुढं घरात जरा गंमत झाली. गंमत म्हणजे, डोळ्यांत पाणी आणणारी. पोरांच्या पहिल्या व्हिडिओत एक पाटी होती: ‘कुलदेवतेचा टाक ठेवा’. त्या लेकीनं ते वाचून सराफ्यातून देवीचा चांदीचा टाक आणूनही ठेवला होता, डब्यात, सासूबाईंना न सांगता. आता सगळ्यांसमोर डबा निघाला. सासूबाई गप्प झाल्या. त्यांचे मूळ टाक गावाकडे, मोठ्या जावेच्या देव्हाऱ्यात. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, “अगं, मी मेले का? विचारायचं होतंस.” ती म्हणाली, “आत्याबाई, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही विचारलं. मला वाटलं, देव वेगळे केले म्हणजे घर वेगळं केलं असं तुम्ही समजाल.”

बघा, चार शब्दांची पाटी आणि दोन जीव एकमेकींना घाबरलेले.

सासूबाईच मग बोलल्या. “चूल वेगळी झाली की देव वेगळे होतात, आपल्यातही होतात. पण आपल्या घरी टाक बाजारातून तयार आणत नाहीत. सोनाराला सांगून घडवतात, गावाकडच्या टाकाला भेटवून आणतात, आणि दसऱ्याला बसवतात. आणि नुसता देवीचा नाही, खंडोबाचाही लागतो.” आता हे कुठल्या व्हिडिओत येणार? शेजारच्या घरी दसरा नसेल, चंपाषष्ठी असेल. तिसऱ्या घरी टाक पाच असतील. म्हणून ती पाटी आम्ही बदलली: ‘टाकाचं घरच्या मोठ्यांना विचारा’. आणि तो मागचा डावा कोपरा दसऱ्यापर्यंत रिकामाच ठेवायचा ठरलं. सूनबाईचा टाक गावाकडे भेटवून आणायचा आणि खंडोबाचा सासूबाई करून देणार, असं त्यांचं त्यांनीच ठरवलं. मी मध्ये तोंड घातलं नाही.

अजून एक. टाक झिजून नाक-डोळे पुसट झाले की लगेच कुणीतरी सांगतं, खंडित झाला, पाण्यात सोडा. झिजणं वेगळं, तुटणं वेगळं. रोजच्या घासण्यानं झिजलेला टाक म्हणजे तुमच्या आजीच्या हाताची खूण आहे. चेहरा अगदीच ओळखू येईना तेव्हा घरच्या रीतीप्रमाणे नवा घडवा.

आता दिवा. व्हिडिओत दिवा मांडणीनंतर आला, पण रोजच्या पूजेत तो आधी. आधी दिवा, मग बाकी सगळं. तुपाचं निरांजन आपल्या डाव्या हाताला, तेलाची समई आपल्या उजव्या हाताला. एकच दिवा लावत असाल तर तो कशाचा आहे त्यावर बाजू ठरवा. तुपाला फुलवात, तेलाला लांब वात. फुलवात तुपात पूर्ण भिजवून, टोक तेवढं वर ठेवून लावायची. कोरडी वात पेटवली तर ती स्वतःच जळून जाते आणि तूप तसंच राहतं. मग आपण म्हणतो, तूप भेसळीचं! थंडीत तूप थिजतं, तेव्हा निरांजन आधी जरा कोमट करून घ्या. नाही तर वातीभोवतीचं तूप संपतं, बाजूचं थिजलेलं येत नाही, आणि आरतीच्या मध्येच ज्योत बसते.

वातीचा कापूस आपल्या जिल्ह्यात कमी आहे का हो? सरकी काढलेला शेतातला कापूस पिंजून आज्या वाती वळत होत्या. आता पाकिटातल्या येतात. सगळ्या वाईट नसतात, पण काहींत कृत्रिम धागा असतो. एक वात चिमट्यात धरून पेटवा. निव्वळ कापूस असेल तर हलकी राख पडते, बोटानं चुरली जाते. मागे टणक काळा मणी राहिला, प्लास्टिक जळल्यासारखा वास आला, तर ते पाकीट देवापुढे नको.

त्या देव्हाऱ्याचं छत प्लायवूडचं होतं आणि त्यावर काळा गोल डाग पडलेला. तो डाग म्हणजे ज्योत छताच्या फार जवळ असल्याची खूण. आज काजळी धरते, उद्या लाकूड धरेल. निरांजन पुढे ओढून उघड्या पायरीवर आणलं आणि समई देव्हाऱ्याच्या बाहेर खाली पाटावर. ज्योतीच्या वर हातभर तरी मोकळं पाहिजे, बाजूला पडदा नको. झालर काढूनच टाकली. आणि स्वयंपाकघरातच देव असतील तर गॅसचा वास आल्यावर दिवा लावायचा नाही, खिडकी आधी. पाटी: ‘ज्योतीवर हातभर मोकळं’.

चित्रीकरणात दिव्यानं अजून एक अडचण केली. ज्योत लखलखीत आणि देव काळे दिसायला लागले. कॅमेरा उजेडाकडे बघून सगळंच चित्र मंद करतो. पडद्यावर विठोबाच्या मुखावर बोट टेकवलं की देव उजळ येतात. आणि पाटी किती वेळ ठेवायची? पोरं दोन सेकंदात पळवत होती. मी सासूबाईंना मोठ्यानं वाचायला लावलं. त्यांचं दोनदा वाचून होईल तेवढा वेळ पाटी ठेवायची, हे माप ठरलं.

राहिली फुलं. फूल जसं झाडावर उमलतं तसं वाहायचं, तोंड वर. बेलाचं पान मात्र पालथं, गुळगुळीत बाजू पिंडीला टेकलेली. विठोबाला आणि बाळकृष्णाला तुळस, गणपतीला दुर्वा आणि जास्वंद, गणपतीला तुळस नाही. शंकराला बेल, पांढरी फुलं, केवडा नाही. एवढं नवख्याला पुरे. फुलं इतकी घालू नका की देव दिसेनात. त्या दीड फुटाच्या देव्हाऱ्यात प्रत्येकाला एकच फूल, आणि विठोबाला तुळशीची मंजिरी. निरांजनाजवळच्या गणपतीचं फूल ज्योतीकडे झुकलेलं नाही ना, ते तेवढं बघायचं.

आता वैशाखात आपल्याकडे प्यायला पाणी टँकरचं, फुलं कुठून आणायची? म्हणून शेजाऱ्याचं झाड ओरबाडू नका. तुळशीचं एक पान पुरतं. तेही नसेल तर अक्षता. द्वादशीला तुळस तोडत नाहीत, तेव्हा आदल्या दिवशी काढून ठेवलेली चालते, तुळस शिळी होत नाही असं मानतात. उन्हाळ्यात हमखास फुलणारं झाड म्हणजे कण्हेर, आणि देवाला ती चालते. पण कण्हेर विषारी आहे, पानफूल सगळंच. धोतराही तसाच. वाहून झाल्यावर हात धुवा, लेकराच्या हाती देऊ नका. आणि निर्माल्य गोठ्यात टाकू नका. शेळीनं कण्हेर खाल्ली तर जिवावर बेतते. बाकीचं निर्माल्य कुंडीतल्या मातीत पुरा, कण्हेर-धोतरा वेगळा काढून जनावर पोचणार नाही तिथं खोल पुरा. गोदामाईत किंवा विहिरीत पिशवीसकट टाकणं नको.

शेवटची पाटी काय असावी यावर पोरांत बराच वाद झाला. एकाला नमस्काराची हवी होती, एकाला आपलं नाव. सूनबाई म्हणाली, दिवा कसा शांत करायचा ते कुणीच दाखवत नाही, घरातून बाहेर पडताना मी रोज अडते. खरंच आहे. कामावर जायचं, दार लावायचं, ज्योत मागे तशीच ठेवायची नाही. तोंडानं फुंकायची नाही असा आपला रिवाज. वात चिमट्यानं किंवा छोट्या पळीनं तुपात बुडवायची, ज्योत मिटते, धूरही कमी होतो. ते चित्र काढलं, तिचाच हात, हिरवा चुडा, आणि वर पाटी: ‘बाहेर जाताना दिवा शांत करा’.